५० अधिक २० म्हणजे ७० नव्हे



आषाढ लागला की आपल्याकडे कापडाच्या दुकानांवर लाल-पिवळे फलक चढतात. लग्नसराई संपलेली असते, श्रावणातले सण अजून लांब असतात आणि जुना माल काढून टाकायचा असतो. त्यात वाईट काहीच नाही. मला राग आहे तो या फलकांवरच्या एका बारीकशा चिन्हाचा. '५०% + २०% सूट' असं लिहितात ना, त्यातल्या अधिकाच्या चिन्हाचा. माझं स्पष्ट म्हणणं आहे की ते चिन्ह खोटं आहे, ते खोटं आहे हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, आणि म्हणूनच ते पुसलं गेलं पाहिजे.

शाळेत पहिलीत आपल्याला शिकवलं की दोन आकड्यांच्या मध्ये अधिक आलं की बेरीज करायची. पन्नास अधिक वीस सत्तर. फलक वाचणारी बाई तेच करते आणि बरोबरच करते, कारण चिन्हाचा अर्थच तो आहे. पण बिल होतं साठ टक्के सवलतीचं. मधले दहा टक्के कुठे गेले, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी 'अहो, ती सूट सुटीवर असते' असं घाईघाईत सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. मागच्या आठवड्यात मात्र एका मुलीने विचारलं, आणि नीट उत्तर मिळेपर्यंत काउंटरवरून हलली नाही. दुकानदारही भला माणूस होता, त्याने उत्तर दिलं. मी फॉल-पिकोला दिलेल्या साड्या न्यायला गेले होते, त्यामुळे सगळं कानावर पडलं. ते संभाषण जसं झालं तसं सांगते, कारण माझा पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे.

मुलगी असेल बावीस-तेवीसची. मिरजेला एका दवाखान्यात नुकतीच नोकरीला लागलेली. पहिल्या पगारातून आईला साडी घ्यायची होती. साडीची छापील किंमत ४,८०० रुपये. तिने मनात हिशेब केला होता की सत्तर टक्के सूट म्हणजे आपल्याला तीस टक्के द्यायचे, १,४४० रुपये झाले. त्यासाठी पंधराशे रुपये वेगळे काढून आणले होते. बिल झालं १,९२० रुपये.

"काका, काहीतरी चुकलंय. हे चारशे ऐंशी जास्त लागलेत."

"नाही बाळ, बरोबर आहे. बघ, ४,८०० चे पन्नास टक्के गेले, राहिले २,४००. त्यावर वीस टक्के म्हणजे ४८०. ते गेले, राहिले १,९२०."

"पण वीस टक्के ४,८०० वर ना? फलकावर तर दोन्ही एकत्र लिहिलंय."

"नाही, दुसरी सूट उरलेल्या रकमेवर. सगळीकडे तशीच असते."

मुलगी गप्प बसेल असं मला वाटलं. पण तिने दुकानदाराच्या समोरचं जुन्या बिलाचं पान ओढून घेतलं आणि पाठीमागे लिहायला लागली.

"म्हणजे शंभर रुपयांवर बघितलं तर आधी पन्नास उरले. त्या पन्नासाचे वीस टक्के म्हणजे दहाच रुपये. मग चाळीस उरले. म्हणजे काका, सूट साठ टक्केच झाली की!"

"हो, साठच."

"आणि आधी वीस टक्के काढले, मग पन्नास, तर?"

दुकानदार हसला. "तरी साठच. शंभराचे वीस गेले, ऐंशी राहिले. ऐंशीचे निम्मे चाळीस. कुठलीही आधी घे, उरणार चाळीसच. कारण आपण वजा करत नाही, उरलेल्याला उरलेल्याने गुणतो. निम्मे गुणिले चार पंचमांश. गुणाकारात मागेपुढे केलं तर उत्तर बदलत नाही."

"मग काका, तुम्ही फलकावर पन्नास अधिक पन्नास लिहिलं असतं तर साडी फुकट?"

"फुकट कशी? शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस. पाव किमतीला पडली असती. पंचाहत्तर टक्के सूट."

"मग तिथं अधिक कशाला लिहिलंय? अधिक म्हणजे बेरीज ना?"

यावर दुकानदाराला पटकन काही सुचलं नाही. त्याने भिंतीवरच्या दुसऱ्या फलकाकडे बोट दाखवलं. "अमुक बँकेचं कार्ड असेल तर आणखी दहा टक्के आहेत बघ. तुझ्याकडे आहे का?" कार्ड होतं. मुलीने स्वतःच हिशेब केला. १,९२० चे दहा टक्के १९२, राहिले १,७२८. मग तिने शंभराच्या हिशेबात खाली आणखी एक ओळ लिहिली. चाळीसाचे दहा टक्के चार, राहिले छत्तीस.

"म्हणजे तीन तीन सवलती धरूनसुद्धा चौसष्ट टक्के," ती म्हणाली. "वाचताना ऐंशी वाटतात." आणि मग थोडं थांबून, "काका, चौकातल्या त्या दुकानात सरसकट पासष्ट टक्के लिहिलंय. याच कंपनीच्या साड्या आहेत. मला वाटलं तुमच्याकडे सत्तर आहे, म्हणून मी तिथून इकडे आले."

दुकानदार काही बोलला नाही. ४,८०० वर सरसकट पासष्ट टक्के म्हणजे १,६८० रुपये. त्याच्याकडे तिन्ही सवलती, बँकेचं कार्ड सगळं धरून १,७२८. मुलगी पंधराशे रुपये घेऊन आली होती, तिला दोन्हीकडे ती साडी परवडत नव्हती. मग दुकानदारानेच सांगितलं, "तुझ्या पंधराशेत बसवायचं तर माझ्याकडे ३,७५० छापील किमतीपर्यंतची बघ. तिचे चाळीस टक्के बरोबर पंधराशे होतात." मुलीने फोनवर पंधराशेला ०.३५ ने भागलं आणि म्हणाली, "तिकडे ४,२८० पर्यंतची बसेल. काका, मी एकदा तिकडे बघून येते." आणि गेली.

दुकानदार माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा वहिनी, खरं सांगितलं आणि गिऱ्हाईक गेलं."

मैत्रिणींनो, या वाक्यावर मला थांबायचं आहे. गिऱ्हाईक खरं सांगितलं म्हणून गेलं नाही. फलकाने आधी खोटं सांगितलं होतं, आणि ते उघडं पडलं म्हणून गेलं. ती मुलगी त्या दुकानात आलीच होती एका चुकीच्या आकड्यामुळे. पासष्ट टक्के देणारं दुकान ओलांडून ती साठ टक्के देणाऱ्या दुकानात शिरली, कारण फलकाने तिला सत्तर वाचायला लावलं. खरं नुकसान होतं ते इथे. चारशे ऐंशी रुपये तिच्या खिशातून कुणी काढून घेतले नाहीत, ते नुसते तिच्या अपेक्षेत होते. पण दोन दुकानांतून एक निवडताना तिची निवड या चिन्हाने उलटी केली. ती विचारती झाली नसती आणि १,९२० देऊन गेली असती, तर चौकातल्या दुकानापेक्षा २४० रुपये जास्त देऊन, वर 'स्वस्तात मिळाली' असं समाधान घेऊन घरी गेली असती. ज्या प्रामाणिक दुकानदाराने 'पासष्ट' असं एकच खरं लिहिलं, त्याचं गिऱ्हाईक गेलं ते वेगळंच. म्हणजे या चिन्हाने दोघांना फसवलं, गिऱ्हाइकाला आणि शेजाऱ्याला.

मी दुकानदाराला हे बोलले. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. या तीन गोष्टी सगळेच दुकानदार सांगतात, म्हणून एकेकीचं उत्तर देते.

पहिली गोष्ट, "बिल तर खरं आहे ना? हिशेबात एक रुपयाही खोटा नाही." अगदी मान्य. पण गिऱ्हाईक दुकानात येतं ते फलक वाचून, बिल बघून नव्हे. बिल हातात येतं तेव्हा साडी निवडून झालेली असते, चार साड्या उलगडून घेतल्याचा संकोच मनात असतो, मागे रांग असते, बरोबर सासूबाई असतात. त्या वेळी 'राहू द्या' म्हणायला फार कमी बायकांना जमतं. फलक खोटा आणि बिल खरं असेल, तर खऱ्या बिलाचा उपयोग फक्त दुकानदाराला होतो. उद्या कुणी तक्रार केली तर दाखवायला.

दुसरी गोष्ट, "एवढं साधं गणित लोकांना यायला नको का?" मला हे वाक्य सगळ्यात जास्त खटकतं. गणित येतं म्हणूनच लोक पन्नास आणि वीसची बेरीज करतात! फलकावर बेरजेचं चिन्ह लिहून वाचणाऱ्याने गुणाकार करावा अशी अपेक्षा ठेवायची, आणि त्याने केला नाही तर त्याला अडाणी म्हणायचं, हा कुठला न्याय? आणि हे फक्त कमी शिकलेल्यांचं होतं असंही नाही. हायपेंग चेन आणि अक्षय राव या दोघा अभ्यासकांनी २००७ मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च' या नियतकालिकात नेमका हाच विषय मांडला होता. एकामागून एक येणारे टक्के लोक सरळ बेरीज करून टाकतात, आणि दुसरा टक्का वेगळ्या रकमेवर आहे हे विसरतात. म्हणजे ही चूक इतकी सहज होणारी आहे की तिच्यावर शोधनिबंध निघालेत. अशी सहज होणारी चूक माहीत असताना तिच्यावरच दुकानाची पाटी रंगवायची, याला अनवधान म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट त्याने जरा हळू आवाजात सांगितली, आणि ती मला सगळ्यात खरी वाटली. "वहिनी, मी 'साठ टक्के' लिहिलं आणि शेजारच्याने 'पन्नास अधिक वीस' लिहिलं, तर लोक त्याच्याकडे जातील. आमचा व्यापारच असा चालतो. मलासुद्धा वरून माल असाच येतो, वीस अधिक पाच लेस."

ही 'लेस'ची भाषा ज्यांच्या घरात धंदा आहे त्यांना माहीत असेल. ठोक व्यापारात छापील यादीवरून सूट सांगताना 'वीस अधिक पाच', 'चाळीस अधिक दहा' असंच बोलतात. वायर, पाइप, नळ यांच्या धंद्यात तर ही रोजची बोली आहे. त्यात एक सूट व्यापारी म्हणून मिळते आणि दुसरी बहुतेक वेळा रोख पैसे दिल्याबद्दल किंवा जास्त माल उचलल्याबद्दल. तिथे या 'अधिक'चा अर्थ 'त्यानंतर आणखी' असा आहे आणि तो देणाऱ्याला, घेणाऱ्याला, मुनीमजींना सगळ्यांना ठाऊक असतो. मी त्या दुकानदाराला विचारलं, "वीस अधिक पाच म्हणजे तुम्हाला किती पडतं?" त्याने पापणी लवायच्या आत सांगितलं, "चोवीस." शंभराचे ऐंशी, ऐंशीचे पाच टक्के चार, राहिले शहात्तर. पंचवीस म्हणायची चूक तो कधीच करणार नाही, कारण त्या एका टक्क्यावर वर्षाला त्याचे कितीतरी पैसे ठरतात.

इथेच माझा मुद्दा पक्का होतो. माल घेताना जो माणूस चोवीस मोजतो, तोच माल विकताना सत्तर वाचू देतो. घेताना गुणाकार आणि विकताना बेरीज. व्यापाऱ्यांच्या आपसातली एक खूण त्यांनी उचलली आणि जिला ती खूण माहीत नाही अशा गिऱ्हाइकापुढे मोठ्या अक्षरांत टांगली. खूण तीच राहिली, पण तिथे ती समजुतीची होती आणि इथे गैरसमजाची झाली.

आपल्या घरांतल्या मुलांना पाठशाळेत अचौर्य अणुव्रताचे अतिचार शिकवतात. त्यात 'हीनाधिक मानोन्मान' नावाचा एक अतिचार आहे. घ्यायचं माप मोठं आणि द्यायचं माप लहान ठेवणं, असा त्याचा अर्थ. जुन्या काळी यात शेर-पायली आणि तराजूची वजनं आली. लहानपणी मला वाटायचं की आता इलेक्ट्रॉनिक काटे आले, त्यांच्यावर सरकारी शिक्का असतो, हा अतिचार आता कोण करणार? त्या दुकानात बसल्यावर कळलं की माप फक्त लोखंडाचं नसतं. टक्का हेसुद्धा मापच आहे. तो घेताना एका रीतीने आणि देताना दुसऱ्या रीतीने वाचला जाईल अशी व्यवस्था करणं हे दोन मापं बाळगण्यापेक्षा मला वेगळं वाटत नाही. आपल्या समाजात दुकानं घरोघरी आहेत, म्हणून हे आपल्यातच आधी बोललं पाहिजे.

कायद्याचं म्हणाल तर या फलकाला कोर्ट काय म्हणेल ते मी सांगत नाही, तो माझा प्रांत नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये फसव्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं हेही येतं. 'दुसरी सूट उरलेल्या रकमेवर' ही चार शब्दांची माहिती महत्त्वाची आहे की नाही, हे त्या मिरजेच्या मुलीला विचारा.

आता घरच्या हिशेबाकडे येऊ, कारण फलक बदलेपर्यंत आपल्याला बाजारात जायचंच आहे. यासाठी मोबाइल काढायची गरज नाही. मनात एक शंभराची नोट धरायची आणि दर सवलतीला ती कापत जायची. पन्नास अधिक वीस अधिक दहा असेल, तर शंभराचे पन्नास, पन्नासाचे चाळीस, चाळीसाचे छत्तीस. शेवटी जे उरलं तेवढे टक्के आपल्याला द्यायचे. छापील किमतीला त्याने गुणलं की बिल. दोनच सवलती असतील तर आणखी सोपी रीत आहे. दोन्हींची बेरीज करा आणि दोन्हींचा गुणाकार करून त्याचे शंभरावे भाग त्यातून वजा करा. पन्नास आणि वीस सत्तर, पन्नास गुणिले वीस हजार, त्याचा शंभरावा भाग दहा, सत्तरातून दहा गेले साठ.

या दुसऱ्या रीतीतून एक गोष्ट लक्षात येते. वजा होणारा तो गुणाकार सवलती लहान असताना नगण्य असतो. पाच अधिक पाच म्हटलं तर दहाऐवजी पावणेदहा, पाव टक्क्याचाच फरक. दहा अधिक दहाला एक टक्का. पण तीस अधिक तीसला नऊ टक्के जातात आणि पन्नास अधिक चाळीसला तब्बल वीस. नव्वद वाचायचे आणि सत्तर मिळायचे. म्हणजे फलकावरचे आकडे जितके मोठे आणि भपकेदार, तितकं खोटंही मोठं. मोठ्या सेलमध्येच ही पद्धत का वापरतात, ते आता तुम्हीच ओळखा.

सवलतींचा क्रम बदलल्याने फरक पडत नाही हे दुकानदाराने सांगितलंच, पण ते फक्त टक्क्यांपुरतं खरं आहे. टक्क्यांबरोबर रुपयांचं कूपन असेल तर क्रम महत्त्वाचा. ४,८०० च्या साडीवर निम्मी सूट आणि दोनशे रुपयांचं कूपन असेल, तर आधी निम्मे करून मग दोनशे काढले की २,२०० होतात. आधी दोनशे काढून मग निम्मे केले की २,३००. कूपन शेवटी लागलं तर ते पूर्ण दोनशेचं, आधी लागलं तर शंभराचंच उरतं. म्हणून बिल करण्याआधी विचारा, 'कूपन कुठल्या रकमेतून वजा होणार?'

आणि जोडाची दुसरी सूट बहुतेक वेळा अटीची असते, हे विसरू नका. पाच हजारांच्या वर खरेदी केली तर, सभासद असाल तर, अमुक कार्ड असेल तर. कार्डावरच्या सवलतीला तर 'कमाल इतके रुपये' अशी मर्यादा बारीक अक्षरात असते. अट पुरी झाली नाही तर पन्नास अधिक वीसचे साठही राहत नाहीत, पन्नासच उरतात. आणि अट पुरी करण्यासाठी नको असलेली आणखी एक साडी घेतली, तर सवलतीपेक्षा ती साडीच महाग पडते.

शेवटची एक टक्केवारी कधीकधी फलकाच्या तळाशी लपलेली असते, 'जीएसटी वेगळा'. छापील कमाल किंमत म्हणजे सगळ्या करांसह किंमत, असाच तिचा अर्थ आहे. तिच्यावर सूट देऊन पुन्हा कर चढवला तर जाहीर केलेली सूट कमी होते. १,९२० वर पाच टक्के चढले की २,०१६ होतात आणि साठ टक्क्यांची सूट अठ्ठावन्नवर येते. जीएसटी येण्याआधी, २०१७ च्या जानेवारीत, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सवलतीच्या किमतीवर वरून व्हॅट लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. असं बिल समोर आलं तर विचारायला लाजू नका. ऐकलंच नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

एक सावधगिरी मात्र माझ्या सगळ्या हिशेबालाही लागू आहे. दोन दुकानांच्या सवलतींची तुलना तेव्हाच खरी, जेव्हा वस्तू तीच आणि छापील किंमत तीच असते. मूळ किंमतच फुगवलेली असेल तर सरसकट सत्तर टक्केसुद्धा महाग पडू शकतात. म्हणून टक्के ऐकून घ्या, पण तुलना करा ती शेवटी हातातून जाणाऱ्या रुपयांची.

दुकानदार बांधवांकडे माझं मागणं फार नाही. सवलत कमी करा म्हणत नाही, जास्त करा म्हणत नाही. 'पन्नास अधिक वीस' लिहायचंच असेल तर त्याच्याच बाजूला, त्याच आकाराच्या अक्षरांत, 'एकूण साठ टक्के' लिहा. कुणाच्या घरी दुकान असेल त्या मैत्रिणीने आज रात्री जेवताना एवढा एक प्रश्न विचारावा, 'आपल्या फलकावर काय लिहिलंय, आणि आपण माल घेताना तेच कसं वाचतो?' दोन्ही उत्तरं सारखी असतील तर फलक तसाच राहू द्या. नसतील तर शिडी घ्या आणि तो उतरवा. त्याहून सोपं म्हणजे प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर छापील किंमत खोडून शेवटची किंमत लिहा. ४,८०० च्या साडीवर १,९२०. मग गिऱ्हाइकाला बेरीज, गुणाकार काहीच करावं लागणार नाही, आणि तुम्हालाही काउंटरवर कुणाला काही समजावत बसावं लागणार नाही.